शून्याने वाढवलेला फरक

मायदेशात शंभर रुपयांना विकला जाणारा माल कंपनीने परदेशात ऐंशीला विकला, तर ते डम्पिंग. जागतिक व्यापार संघटनेचे नियम त्यावर बंदी घालत नाहीत. आयात करणाऱ्या देशातल्या उद्योगाला त्यामुळे इजा होत असेल, तर चौकशी करून जादा शुल्क लावायची मुभा तेवढी देतात. हे शुल्क दोन किमतींतल्या फरकाहून जास्त असता कामा नये. त्यामुळे फरक कसा मोजला, यावरच सगळे अवलंबून असते.

1997 मध्ये युरोपीय समुदायाने भारत, पाकिस्तान आणि इजिप्तहून येणाऱ्या सुती चादरी-अभ्र्यांवर असे शुल्क लावले. त्यांची मोजणी एका साध्या उदाहरणाने कळेल. समजा, कंपनी दोन प्रकारच्या चादरी विकते आणि दोन्हींची देशातली किंमत 100 आहे. पहिली युरोपात 80 ला जाते, दुसरी 120 ला. फरक एकदा वीस अधिक, एकदा वीस उणे, बेरीज शून्य. युरोपीय अधिकारी मात्र उणे वीसच्या जागी शून्य मांडत. मग 200 च्या निर्यातीवर 20 चे, म्हणजे दहा टक्के डम्पिंग दिसे. या पद्धतीला झिरोइंग म्हणतात.

भारत तंट्यात गेला. अशा तंट्यात आधी दोन्ही बाजूंची बोलणी होतात आणि तोडगा निघाला नाही तर पॅनेल बसते. पॅनेल स्वतः नव्याने चौकशी करत नाही. तपास अधिकाऱ्यांनी तथ्ये नीट जमवली का आणि त्यांचे मूल्यमापन निःपक्षपाती होते का, एवढेच पाहते. तसे असेल तर पॅनेलचे स्वतःचे मत वेगळे असले तरी अधिकाऱ्यांचा निष्कर्ष टिकतो. कराराच्या अर्थाचा प्रश्न वेगळा. तुलना करण्याजोगे सगळे निर्यात व्यवहार मोजा, असे करार सांगतो, आणि झिरोइंग नेमके इथेच अडकले. अपील मंडळाने 2001 मध्ये ते बेकायदा ठरवले. पुन्हा हिशेब केल्यावर पाकिस्तानचे डम्पिंग उरलेच नाही.

सरकारी अनुदानाचे नियम याहून कडक आहेत. निर्यात केली तरच मिळणारे अनुदान सरसकट निषिद्ध आहे. गरीब देशांना तेवढी सूट. भारताचे दरडोई उत्पन्न सलग तीन वर्षे हजार डॉलरवर गेल्याने ती सूट संपली, असे सांगत ऑक्टोबर 2019 मध्ये पॅनेलने आपल्या अनेक निर्यात योजना नियमबाह्य ठरवल्या. भारताने नोव्हेंबरमध्ये अपील केले. अमेरिका नव्या सदस्यांच्या नेमणुका अडवत होती, त्यामुळे डिसेंबरात अपील मंडळात सुनावणीपुरते तीन सदस्यही उरले नाहीत. ज्या मंडळाने चादरींच्या खटल्यात आपल्याला न्याय दिला, तेच बंद पडल्याने आपल्याविरुद्धचा निकाल 2023 पर्यंत लटकला होता. तेव्हा हे सोयीचे वाटले, पण उद्या झिरोइंगसारखी मोजणी आपल्या निर्यातदारांवर आली, तर समोरचा देशही असेच अपील करून निकाल रोखू शकेल. युरोपीय संघ आणि चीन यांनी इतर काही देशांसह 2020 मध्ये आपापसात अपिलाची लवादी व्यवस्था उभी केली. भारत तिच्यात नाही; माझ्या मते असायला हवा.