चरबीच्या रेषा आणि मांसाचा रस

जनावराच्या अंगात चरबी साधारण एका क्रमाने साठते. आधी मूत्रपिंडांभोवती आणि आतड्यांवरच्या पडद्यात, मग एका स्नायूच्या आणि दुसऱ्या स्नायूच्या मधल्या फटीत, नंतर कातडीखाली, आणि सर्वांत शेवटी खुद्द स्नायूच्या आत. कातडीखालचा थर म्हणजे वरचे चरबीचे आवरण. स्नायूच्या आतली चरबी तंतूंच्या जुड्यांना गुंडाळणाऱ्या पातळ पडद्यांत बसते आणि कापलेल्या मांसावर बारीक पांढऱ्या रेषांसारखी दिसते. तिला मार्बलिंग म्हणतात. ती शेवटी येत असल्यामुळे तिच्यासाठी जनावराला वय लागते, भरपूर धान्याचा खुराक लागतो आणि तशी जातही लागते.

गोमांसाच्या व्यापारात दर्जा मुख्यतः या रेषांवरूनच ठरतो. अमेरिकेत बाराव्या आणि तेराव्या बरगडीच्या मध्ये छेद घेऊन तो पाहतात आणि त्यावरून प्राइम, चॉइस, सिलेक्ट असे वर्ग पाडतात. जपानमध्ये छेद सहाव्या-सातव्या बरगडीच्या मध्ये घेतात आणि रेषांना १ ते १२ गुण देतात. तिथल्या सर्वोच्च वर्गासाठी किमान ८ गुण लागतात. रोडक्या तुकड्यात चरबी दोन-तीन टक्केच असते. प्राइममध्ये ती आठ-दहा टक्क्यांच्या आसपास जाते, तर वाग्यू जातीच्या उत्तम तुकड्यांत तिसऱ्या हिश्शाहूनही जास्त भरते.

या रेषांमुळे मांस रसाळ का लागते, हे समजायला आधी मांसातले पाणी कसे जाते ते पाहावे लागते. कच्च्या रोडक्या मांसात सुमारे ७५ टक्के पाणी असते आणि त्यातले बहुतेक स्नायूतंतूंच्या आत, प्रथिनांच्या धाग्यांमधल्या सूक्ष्म जागेत अडकलेले असते. साधारण ५० अंश सेल्सिअसला मायोसिन हे प्रथिन आपला आकार सोडते आणि त्या जागा आखडू लागतात. ६० ते ६५ अंशांच्या दरम्यान तंतूंभोवतीचे कोलॅजनचे वेष्टन आकसते आणि ओले फडके पिळावे तसे आतले पाणी बाहेर दाबते. ७० अंशांच्या पुढे अ‍ॅक्टिन हे दुसरे प्रथिनही आकसते. ७५-८० अंशांपर्यंत शिजलेल्या तुकड्याचे वजन चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाने घटलेले असते, आणि ही घट मुख्यतः पाण्याची असते.

मार्बलिंग हे पिळणे थांबवत नाही. चरबी पाणी धरून ठेवते असा समज सर्रास आढळतो, पण तो चुकीचा आहे. रेषा असलेल्या तुकड्यातले प्रथिनही त्याच तापमानाला आकसते. फरक पडतो तो घासात. चरबीने जागा व्यापल्यामुळे त्याच आकाराच्या घासात आकसणारे तंतू कमी असतात. चरबी ४०-५० अंशांच्या आसपास वितळते आणि तंतूंच्या मध्ये वंगणासारखी पसरते, त्यामुळे पाणी गेलेले तंतूही एकमेकांवरून सहज घसरतात. शिवाय चरबीमुळे तोंडात लाळ जास्त सुटते. पहिल्या चावण्याला जाणवणारा ओलावा मांसातल्या पाण्याचा असतो, पण घास गिळेपर्यंत टिकणारा ओलावा बराचसा चरबीचा आणि लाळेचा असतो. म्हणूनच तुकडा जरा जास्त शिजला तरी रेषांचे मांस खपून जाते. रोडक्या मांसाला अशी सूट मिळत नाही: त्याचा सगळा रस म्हणजे पाणीच असते, आणि ते गेले की चोथा उरतो. तरीही एक मर्यादा ध्यानात ठेवावी. ५५ अंशांना उतरवलेला रोडका तुकडा ७५ अंशांपर्यंत नेलेल्या चरबीदार तुकड्यापेक्षा जास्त पाणी राखून असतो. तापमानाचा वाटा चरबीपेक्षा मोठा आहे.

वरच्या आवरणाचे काम वेगळे आहे. मेंढीची मांडी भट्टीत भाजताना वरची चरबी वितळून आत मुरते असे मानतात, पण पाण्याने भरलेल्या आणि पडद्याने झाकलेल्या स्नायूत ती शिरू शकत नाही. ती पृष्ठभागावरून ओघळते, तिथले बाष्पीभवन कमी करते आणि उष्णतेचा वेग थोडा मंदावते. त्यामुळे बाहेरचा थर कडक पापडी होण्याआधी आतला भाग शिजायला वेळ मिळतो. यासाठी अर्ध्या सेंटिमीटरचा थर पुरतो.

आवरणाचे खरे महत्त्व मात्र चुलीपर्यंत पोहोचण्याआधीच सुरू होते. कापल्यानंतर काही तास स्नायू पूर्णपणे ताठरलेला नसतो. या काळात तो १० अंशांखाली गेला तर जोरात आखडतो आणि नंतर कितीही शिजवला तरी चिवट राहतो. न्यूझीलंडच्या लॉकर आणि हॅगयार्ड या संशोधकांनी हे १९६३ मध्ये गोमांसाच्या स्नायूंवर दाखवले. निर्यातीसाठी झटपट गोठवलेले तिथले कोकराचे मांस चिवट का होते, याचे उत्तरही त्यातूनच मिळाले. जाड आवरण रजईचे काम करते आणि थंडी हळू आत शिरू देते. बारीक, रोडके धड लवकर गार होते, म्हणून त्यालाच हा धोका जास्त.

महाराष्ट्रात मटण म्हणजे बहुतेक ठिकाणी बोकडाचे मांस, आणि बोकड या बाबतीत अगदी टोकाचे उदाहरण आहे. त्याची चरबी मुख्यतः पोटात साठते. कातडीखाली पातळ थर असतो आणि स्नायूत रेषा जवळपास नसतातच. सकाळी कापलेले मटण घरी आणून थेट फ्रीझरमध्ये टाकले, तर ताठरण्याआधीच गोठलेला स्नायू वितळताना आखडतो आणि ताटलीत लालसर पाणी साचते. ते लगेच शिजवावे, नाहीतर एक रात्र फ्रिजच्या साध्या कप्प्यात ठेवून मग गोठवावे.

रश्श्यात शिजवतानाही हाच नियम लागू पडतो. भोवती पाणी असले तरी मांडीचा बिनहाडाचा तुकडा कोरडा होतो, कारण पाणी आतून पिळले जाते आणि बाहेरचे आत जात नाही. कुकरमध्ये तर तापमान १०० अंशांच्या वर जाते. असा तुकडा बोटांनी उकलला की सुतासारखे धागे सुटतात आणि चावताना तोंड कोरडे पडते. मान, खांदा आणि नळीचे तुकडे त्याच भांड्यात, तितकाच वेळ शिजूनही ओलसर लागतात. त्यांच्यातही पाणी उरलेले नसते, पण तिथे कोलॅजन भरपूर असते. ८० अंशांच्या वर तास-दीड तासात ते विरघळून जिलेटिन होते आणि तंतूंना बुळबुळीत वेष्टण देते. चरबीच्या रेषांचे काम इथे जिलेटिन करते. म्हणून रश्श्यासाठी हाडाचे, पडद्याचे तुकडे घ्यावेत. मांडीचे मांस कमी वेळ लागेल अशा रीतीने, तंतूंना आडवे पातळ कापून परतावे.

खिम्यात तर उणीव थेट भरून काढता येते. नुसत्या मांडीचा खिमा तव्यावर दाणेदार आणि रुक्ष होतो. त्यात वजनाच्या १५ ते २० टक्के पोटातली चरबी मिसळली की प्रत्येक कणाभोवती ती वितळते आणि कबाब मऊ राहतो. मात्र बकऱ्या-मेंढ्यांची चरबी लवकर थिजते. खायला उशीर झाला की ती टाळूला मेणासारखी चिकटते, त्यामुळे असे कबाब तव्यावरून थेट ताटात वाढावेत.