पाठीवरची चकती आणि अडलेलं चार्जिंग

गाडीच्या डॅशबोर्डवर लावायचा मॅग्नेटिक होल्डर घेतला की खोक्यात एक-दोन लोखंडी चकत्याही मिळतात. त्यातली एक फोन आणि कव्हर यांच्यामध्ये सरकवली की खड्ड्यांतूनही फोन जागचा हलत नाही. पंचाईत रात्री होते. वायरलेस चार्जिंगच्या पॅडवर तोच फोन ठेवला की चार्जिंगची खूण क्षणभर दिसते आणि जाते. पॅडचा दिवा लुकलुकत राहतो. सकाळी बॅटरी होती तिथेच! पहिला संशय अर्थातच पॅडवर जातो.

पॅड मात्र आपलं काम चोख करत असतो. त्याच्या आत तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं, तसंच दुसरं फोनच्या पाठीत. पॅडमधल्या प्रवाहाची दिशा सेकंदाला लाखाहून अधिक वेळा पालटते आणि त्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे फोनच्या वेटोळ्यात वीज तयार होते. मध्ये सलग पत्रा आला, तर वीज त्या पत्र्यातच तयार होऊन गोल फिरत राहते आणि पत्रा तापतो. इंडक्शन शेगडीवरचं पातेलं तापतं ते असंच.

हे ओळखायला पॅड हिशेब ठेवतो. आपल्याला किती वीज मिळाली हे फोन त्याला सतत कळवत असतो. समजा, पॅडने 10 वॅट पाठवले आणि फोनला 8 वॅटच पोचले. पॅड आपला नेहमीचा तोटा वजा करून पाहतो. तरीही मेळ बसला नाही, तर मध्ये धातू आहे असं धरून पुरवठा तोडतो. स्वस्तातल्या पॅडवर ही तपासणी ढिली असू शकते. तिथे चार्जिंग चालू राहतं आणि चकती चटका बसेल इतकी तापू शकते.

मॅग्नेटिक रिंगचं तसं नाही. तिचा मधला भाग मोकळा असतो, तिथून क्षेत्र आरपार जातं. पण बाजारात मिळणारी रिंग अंदाजाने, अर्धा सेंटिमीटर वाकडी चिकटवली, तर चुंबक पॅडला वाकडंच पकडतं आणि दोन्ही वेटोळी समोरासमोर येत नाहीत. जाड कव्हरने हेच अंतर उभं वाढतं. साधारण 3 मिलिमीटरपर्यंत बहुतेक पॅड निभावून नेतात. पुढे चार्जिंग मंदावतं, फोन तापतो किंवा चार्जिंग सुरूच होत नाही.

कव्हरमागे ठेवलेल्या कार्डांचा धोका वेगळा. मेट्रो कार्डातली तार इतकी बारीक असते की पॅडला तिची चाहूल लागेलच असं नाही. फोन बिनबोभाट चार्ज होतो आणि कार्डातली चिप निकामी होऊ शकते. काळी चुंबकीय पट्टी असलेल्या कार्डांना तर रिंगमधल्या चुंबकाचाही उपद्रव. ॲपलही आपल्या सूचनांमध्ये क्रेडिट कार्ड, पासपोर्ट, गाडीची रिमोट किल्ली फोन आणि चार्जर यांच्यामध्ये ठेवू नका असं सांगतं.

दोष कोणाचा, हे घरीच कळतं. आधी उघडा फोन दहा मिनिटं पॅडवर ठेवावा. तो नीट चार्ज झाला तर नुसतं कव्हर घालून पाहावं, मग रिंगसह. चकती आणि कार्डं चार्जिंगच्या वेळी बाहेरच ठेवावीत. चकती फोनच्या खालच्या टोकाला सरकवून काहींचं भागतं, पण पॅड मोठा असेल तर ती तिथेही आड येते.