डेमोनंतरचे पत्र

दूध संस्थेत नवे यंत्र दाखवायला विक्रेता येतो, तेव्हा टेबलाभोवती सेक्रेटरी, दूध तपासणारा कर्मचारी आणि एखाद-दुसरा संचालक असतो. खरेदीचा ठराव मात्र संपूर्ण संचालक मंडळ करते आणि त्यातल्या बहुतेकांनी यंत्र पाहिलेलेच नसते. त्यांच्यासमोर असतो तो फक्त विक्रेत्याने नंतर पाठवलेला कागद. म्हणून डेमोनंतरचे पत्र हजर नसलेल्या माणसासाठी लिहावे लागते. 'आपल्या अमूल्य वेळेबद्दल आभार' एवढेच त्यात असेल, तर बैठकीत त्याचा काहीच उपयोग होत नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, ६ ऑक्टोबरला एका संस्थेत फॅट आणि एसएनएफ मोजणाऱ्या यंत्राचा डेमो झाला. एकाच बाटलीतले गायीचे दूध यंत्राने ३.८ फॅटचे दाखवले आणि संस्थेच्या नेहमीच्या गर्बर पद्धतीने ते ३.६ भरले. फरक दोन पॉइंटचा. दर फॅटवर ठरतो, त्यामुळे हा फरक रोज सगळ्या संकलनावर पडणार. सेक्रेटरींनी तिथेच विचारले, "यातले खरे कोणते धरायचे?" विक्रेता म्हणाला, "कॅलिब्रेशन केले की जुळेल."

आता ७ तारखेच्या पत्रात काय लिहायचे? बरेच विक्रेते लिहितात, 'सर्व शंकांचे समाधान करण्यात आले.' हे वाक्य पत्राचा घात करते. सेक्रेटरींची शंका तशीच आहे, आणि ती पत्रात नाही हे त्यांना पहिल्या वाचनात कळते. त्याऐवजी दोन्ही आकडे जसेच्या तसे द्यावेत, प्रश्न विचारणाऱ्याच्या शब्दांत लिहावा आणि तो अजून सुटलेला नाही हेही लिहावे. अशा पत्रावर मंडळ विश्वास ठेवते, कारण विक्रेत्याला अडचणीची वाटणारी गोष्ट त्याने स्वतःहून मांडलेली असते.

डेमोत 'होईल' हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. वीज गेल्यावर यंत्र बॅटरीवर चालेल का? होईल. जुन्या वहीतली सभासदांची नावे भरून द्याल का? होईल. पत्रात या उत्तरांची फोड करावी लागते: आज यंत्रात काय आहे, वेगळे पैसे घेऊन काय करून देता येईल आणि काय मिळणारच नाही. पुढची बहुतेक भांडणे या फोडीअभावीच होतात. चर्चा झाली आणि ठरले, यांतला फरकही तसाच स्पष्ट हवा. बॅटरीवर नुसते बोलणे झाले असेल, तर ती ठरलेल्या गोष्टींत लिहू नये.

ठरलेल्या प्रत्येक कामापुढे माणूस आणि तारीख हवी. 'लवकरच चाचणी घेऊ' याला अर्थ नाही. आपल्या उदाहरणात असे लिहिता येईल: '१० ते १४ ऑक्टोबर, सकाळ-संध्याकाळ, दर वेळी दहा नमुने. यंत्र आमचा तंत्रज्ञ चालवेल, त्याच नमुन्यांची गर्बर तपासणी संस्थेचा कर्मचारी करेल. सरासरी फरक एका पॉइंटच्या आत आला तर चाचणी यशस्वी.' कसोटी आधी लिहिलेली असली, की निकालावर वाद होत नाही. शेवटी एक ओळ असावी: 'काही चुकले वा राहिले असल्यास ९ तारखेपर्यंत कळवावे.' पण उत्तर आले नाही म्हणजे संमती मिळाली, असे समजू नये.

चाचणीनंतर, समजा १५ तारखेला, प्रस्ताव जातो. त्यावर दोन तारखा हव्यात: दिल्याची आणि मुदतीची. मंडळाची बैठक २२ तारखेला असेल, तर २० पर्यंतची मुदत निरुपयोगी. ३१ ऑक्टोबर योग्य. मुदतीला कायद्याचा आधार आहे. भारतीय करार कायदा, १८७२ मधील कलम ६ नुसार ठरवून दिलेली वेळ संपली की प्रस्ताव आपोआप संपतो. मात्र मुदत दिली म्हणून विक्रेता तोवर बांधला गेला, असे नाही. त्यासाठी वेगळा मोबदला घेतलेला नसेल, तर संस्थेने स्वीकाराचे पत्र रवाना करण्यापूर्वी तो प्रस्ताव मागे घेऊ शकतो. आणि कलम ७ नुसार स्वीकार बिनशर्त लागतो. 'मंजूर, पण वर्षाची देखभाल फुकट' असे संस्थेने कळवले, तर करार झालेला नसतो. अशा वेळी नवा प्रस्ताव नव्या तारखेने द्यावा आणि त्यात 'यामुळे १५ ऑक्टोबरचा प्रस्ताव रद्द' असे लिहावे. नाहीतर बैठकीत एकाच्या हातात जुना दर असतो आणि दुसऱ्याच्या हातात नवा.

किमतीसोबत जीएसटी, बसवण्याचा खर्च आणि पहिल्या वर्षानंतरची देखभाल वेगवेगळी दाखवावी. 'पंधरा दिवसांत पुरवठा' हे दिवस ऑर्डरपासून मोजायचे की आगाऊ रक्कम जमा झाल्यापासून, तेही लिहावे. खरेदी करणाऱ्या संस्थांनीही डेमो संपताना विक्रेत्याकडे असे पत्र मागून घ्यावे आणि ते आल्याशिवाय विषय बैठकीपुढे ठेवू नये.