साठ पुस्तकांचा वर्षाचा हिशेब

आठवड्याला एखादे पुस्तक हातावेगळे करणारा वाचक वर्षभरात पन्नास ते साठ पुस्तके वाचतो. ती मिळवण्याचे मार्ग मुख्यतः तीन आहेत: पेपरबॅक विकत घेणे, ई-पुस्तक उतरवून घेणे आणि वाचनालयाचे सभासद होणे. यांची तुलना बहुधा एका पुस्तकाच्या किमतीवर होते आणि तिथेच हिशेब चुकतो. कोणत्या मार्गाने किती खर्च येतो, याच्या इतकाच महत्त्वाचा प्रश्न म्हणजे हवी असलेली साठ पुस्तके त्या मार्गाने मिळतात किती. मराठी वाचकाच्या बाबतीत या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्या प्रश्नाचे उत्तर बदलून टाकते.

उदाहरणासाठी शहरात राहणारा आणि प्रामुख्याने मराठी वाचणारा एक वाचक घेऊ. त्याच्या यादीत साठ पुस्तके आहेत. त्यांतली ८ याच वर्षी आलेली आहेत. ३० पुस्तके जुनी असली तरी बाजारात आहेत. १२ पुस्तकांच्या आवृत्त्या संपल्या असून पुनर्मुद्रण झालेले नाही. उरलेली १० स्वामित्वहक्काची मुदत संपलेली, म्हणजे कोणालाही मोकळेपणाने छापता येतील अशी आहेत. पुढे येणारे आकडे नमुन्याचे आहेत. प्रत्येकाने त्या जागी आपल्या गावचे दर आणि आपली यादी घालायची आहे.

पेपरबॅक

दोनशे पानांच्या मराठी पेपरबॅकची छापील किंमत ३०० रुपये धरू. दुकानात, प्रदर्शनात किंवा प्रकाशनपूर्व सवलतीत सरासरी १५ टक्के सूट मिळाली, तर पुस्तक २५५ रुपयांना पडते. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. घरपोच मागवल्यास टपाल किंवा कुरियरचा खर्च मात्र वाढतो, म्हणून एकेक पुस्तक मागवण्यापेक्षा चार-पाच एकदम मागवणे परवडते.

यादीतली साठही पुस्तके या मार्गाने मिळत नाहीत. मराठी पुस्तकाची आवृत्ती सहसा हजारच्या आसपास प्रतींची असते, अलीकडे त्याहूनही लहान. ती संपली की पुढची आवृत्ती मागणी पाहून निघते आणि पुष्कळदा निघतच नाही. त्यामुळे १२ दुर्मिळ पुस्तके बाजूला ठेवली, तर ४८ पुस्तके हाती येतात आणि त्यांचे १२,२४० रुपये होतात. ही पुस्तके कपाटात जवळपास पाऊण मीटर जागा घेतात, म्हणजे दर वर्षी एक फळी भरते. वाचून झालेली पुस्तके विकता येतात, पण जुन्या पुस्तकांचा विक्रेता छापील किमतीचा लहानसा हिस्साच देतो. त्यातून वर्षाचा खर्च फारसा खाली येत नाही. पुस्तक घरातल्या चौघांनी वाचले किंवा मित्राला दिले, तर मात्र तोच खर्च वाटला जातो. ही सोय पुढच्या मार्गात जवळजवळ नाही.

ई-पुस्तक

ई-पुस्तक बहुतेक वेळा छापील प्रतीपेक्षा स्वस्त असते. इथे ते १८० रुपयांना धरू. छापील आवृत्ती असलेल्या ई-पुस्तकावरचा जीएसटी २०१८ मध्ये १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, पण छापील पुस्तकासारखा तो शून्य झाला नाही. वाचनासाठीचे वेगळे उपकरण १२,००० रुपयांना घेतले आणि ते पाच वर्षे चालले, तर वर्षाला त्याचे २,४०० रुपये धरावे लागतात. फोनवर वाचणाऱ्याला हा खर्च नाही; डोळ्यांवरचा ताण तेवढा जास्त.

खरी अडचण उपलब्धतेची आहे. किंडलवर मराठीसह पाच भारतीय भाषांची सोय डिसेंबर २०१६ मध्ये झाली. मराठी ई-पुस्तके बुकगंगासारख्या ठिकाणीही मिळतात. तरीही जुन्या मराठी पुस्तकांपैकी बरीच ई-रूपात आलेली नाहीत, आणि याची कारणे ठोस आहेत. जुन्या करारांत ई-आवृत्तीच्या हक्कांचा उल्लेखच नसतो, त्यामुळे लेखकाची किंवा वारसांची नव्याने संमती घ्यावी लागते. अनेक पुस्तकांची जुळणी युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये झालेली असते. ती बदलताना जोडाक्षरे आणि वेलांट्या बिघडतात आणि पुन्हा संपूर्ण मुद्रितशोधन करावे लागते. हजार प्रतींच्या बाजारात हा खर्च प्रकाशकाला जड जातो. त्यातच पीडीएफ फुकट फिरू लागेल, ही भीती असते.

उलट, हक्कमुक्त पुस्तकांच्या बाबतीत ई-पुस्तकाला तोड नाही. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे हक्क टिकतो. साने गुरुजींचे निधन १९५० साली झाले, म्हणून १ जानेवारी २०११ पासून त्यांचे लेखन मुक्त आहे. हरि नारायण आपटे, राम गणेश गडकरी यांचे साहित्य त्याच्या कितीतरी आधीच मुक्त झाले. अशी पुस्तके विकिस्रोतसारख्या प्रकल्पांतून विनामूल्य वाचता येतात. याउलट पु. ल. देशपांडे यांचे निधन २००० साली झाले, त्यामुळे त्यांच्या पुस्तकांवरचा हक्क २०६० च्या अखेरीपर्यंत राहील.

नमुन्याच्या यादीत नव्या ८ पैकी ४, बाजारातल्या ३० पैकी १६, दुर्मिळ १२ पैकी १ आणि हक्कमुक्त १० पैकी ८ पुस्तके ई-रूपात सापडली असे धरू. एकूण २९ झाली. त्यांतली २१ विकतची, म्हणजे ३,७८० रुपयांची. उपकरणासह वर्षाचा खर्च ६,१८० रुपये होतो. हा आकडा पेपरबॅकच्या निम्मा दिसतो, पण त्यात यादीतली निम्मी पुस्तकेही येत नाहीत.

उपकरण वसूल होते का, हेही यातून कळते. विकतच्या प्रत्येक ई-पुस्तकामागे पेपरबॅकच्या तुलनेत ७५ रुपये वाचतात. २,४०० रुपये भरून निघायला वर्षाला ३२ विकतची ई-पुस्तके लागतात, आणि यादीत ती २१च आहेत. उपकरणाचा खर्च निघतो तो ८ विनामूल्य पुस्तकांमुळे. आवडीची हक्कमुक्त पुस्तके वाचून संपली, की पुढच्या वर्षी हा आधार राहत नाही. प्रामुख्याने इंग्रजी वाचणाऱ्याचे चित्र वेगळे असते. तिथे बहुतेक नवी पुस्तके ई-रूपात येतात आणि उपकरण लवकर वसूल होते.

ई-पुस्तक घेताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. बहुतेक दुकाने पुस्तक विकत नाहीत, तर वाचण्याचा परवाना देतात. २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने हक्काच्या वादातून जॉर्ज ऑर्वेलची दोन पुस्तके ग्राहकांच्या किंडलवरून काढून घेतली आणि पैसे परत केले. मासिक शुल्कात हवी तेवढी पुस्तके देणाऱ्या योजनांत तर शुल्क थांबताच पुस्तके जातात.

वाचनालय

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. शासनमान्य वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग दिले जातात आणि त्यानुसार अनुदान मिळते. वर्गणी, अनामत आणि एका वेळी मिळणारी पुस्तके हे सारे जागोजागी वेगळे असते. नमुन्यासाठी एका वेळी दोन पुस्तके, महिना १५० रुपये वर्गणी आणि १,००० रुपये अनामत धरू. अनामत परत मिळते, म्हणून ती खर्चात मोजायची नाही. पावती मात्र जपून ठेवायची. वर्गणीचे वर्षाला १,८०० रुपये होतात.

जाण्यायेण्याचा खर्च सहसा विसरला जातो. दोन-दोनने साठ पुस्तके आणायची तर ३० फेऱ्या होतात, म्हणजे दर बारा दिवसांनी एक. फेरीला ४० रुपये लागले तर १,२०० रुपये होतात. एकूण खर्च ३,००० रुपये. वाचनालय चालत जाण्याच्या अंतरावर असेल, तर तो १,८०० वरच थांबतो. फेरीचा खर्च धरूनही वर्षाला आठ पुस्तके वाचणाऱ्याला विकत घेण्यापेक्षा वर्गणी स्वस्त पडते.

वाचनालयाचा कमकुवत भाग म्हणजे नवी पुस्तके. खरेदी अनुदान आणि वर्गणी हाती येईल तशी होते. मग पुस्तकाची दाखल नोंद व्हायची, बांधणी पक्की व्हायची आणि मागणी जास्त असली तर नंबर लागायचा. यात महिने जातात. बळकट भाग म्हणजे जुनी पुस्तके. पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, मुंबईचे १८९८ चे. अशा संस्थांत बाजारातून नाहीशी झालेली पुस्तके टिकून असतात, जरी फार जुन्या प्रती घरी न देता तिथेच बसून वाचायला मिळतात.

वाचनालय उपयोगी पडेल की नाही, हे पैसे भरण्याआधी तपासता येते. आपल्या यादीतली दहा नावे घेऊन ती तालिकेत शोधावीत आणि सापडलेली पुस्तके खरोखर फळीवर आहेत का, हे पाहावे. तालिकेत नाव आहे, पण पुस्तक वर्षानुवर्षे ‘बाहेर’ आहे, असे वारंवार आढळले तर ते हरवलेले समजावे. अलीकडे आलेल्या पुस्तकांवरचे दाखल क्रमांक आणि तारखा पाहिल्या की खरेदी चालू आहे की थांबली आहे, तेही कळते.

नमुन्याच्या वाचनालयात नव्यांपैकी ३, बाजारातल्यांपैकी २६, दुर्मिळांपैकी ८ आणि हक्कमुक्तांपैकी ९ पुस्तके वर्षभरात मिळाली असे धरू. ही ४६ झाली आणि पुस्तकामागे खर्च आला ६५ रुपये. पेपरबॅकमध्ये तो २५५ आणि उपकरण धरून ई-पुस्तकात सुमारे २१३ होता.

तिन्हींची सांगड

तिन्ही मार्गांपैकी एकही साठला पोहोचत नाही. म्हणून आधी वाचनालय आणि उरलेल्यांसाठी बाकीचे दोन, असा क्रम लावून पाहता येतो. वाचनालयात न मिळालेल्या १४ पुस्तकांत १ हक्कमुक्त आहे. ते फोनवर फुकट वाचता येते. ५ नवी आणि ४ बाजारातली पुस्तके पेपरबॅकमध्ये घेतली तर २,२९५ रुपये लागतात. वाचनालयाचे ३,००० धरून एकूण ५,२९५ रुपयांत ५६ पुस्तके होतात. केवळ पेपरबॅक घेणाऱ्याच्या निम्म्याहून कमी खर्चात त्याच्याहून आठ पुस्तके जास्त वाचून होतात, आणि उपकरणाची गरजही पडत नाही.

हा क्रम सगळीकडे लागू पडत नाही. गावातल्या वाचनालयात खरेदी थांबली असेल, तर दहा नावांच्या चाचणीतच ते दिसते आणि तिथे पेपरबॅक व ई-पुस्तक यांचीच सांगड घालावी लागते. परदेशातल्या मराठी वाचकाला पुस्तकाहून टपाल महाग पडते, त्यामुळे त्याच्यासाठी ई-पुस्तक पहिले येते.

उरतात ती चार दुर्मिळ पुस्तके. ती जुन्या पुस्तकांच्या दुकानात योगायोगाने सापडतात. नाहीतर मुंबईच्या राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाची वाट धरावी लागते. १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाला नव्या पुस्तकाच्या प्रती देशातल्या ज्या चार ग्रंथालयांना पाठवाव्या लागतात, त्यांपैकी ते एक आहे. तिथे खर्च होतो तो मुख्यतः प्रवासाचा आणि बसून वाचण्याच्या वेळेचा.