सहाऐवजी चार

पहिली नोट दोन दिवसांत परत आली. कोपऱ्यात साहेबांचा शेरा होता: 'डेस्कटॉप फुकट आहे ना? मग पैसे कशाचे?'

शेरा रास्त होता. चाकणच्या आमच्या कारखान्यात नियोजनाचं काम बघणारी आम्ही दोन माणसं. रोज सकाळी एसक्यूएल सर्व्हरमधून उत्पादनाचे आकडे काढायचे, पाठवणीची एक्सेल फाइल त्यांना जोडायची आणि तयार झालेला तक्ता चौघांना मेल करायचा. याच कामासाठी मी पॉवर बीआय प्रोची सहा लायसन्सं मागितली होती. नोटेत रंगीत आलेख होते, पण फुकटचं नेमकं कुठे अडतं ते कुठेच नव्हतं.

पॉवर बीआय डेस्कटॉप खरोखरच मोफत आहे. त्यात हवे तेवढे रिपोर्ट बनवा, कोणी अडवत नाही. अडचण येते ती दुसऱ्याला दाखवताना. मोफत खात्यातून रिपोर्ट वर चढवता येतो, पण तो आपल्याच वर्कस्पेसमध्ये राहतो. दुसऱ्याशी शेअर करायचा तर देणाऱ्याकडे प्रो लागतं आणि बघणाऱ्याकडेही लागतं. मोठी कपॅसिटी विकत घेतलेल्या कंपन्यांत बघणाऱ्यांना सूट मिळते, पण सहा माणसांसाठी तो विचारच नको. 'पब्लिश टू वेब' हे बटण मोफत वाटतं खरं, पण त्यातून निघणारी लिंक ज्याच्या हाती लागेल त्याला रिपोर्ट दिसतो. ग्राहकनिहाय पाठवणीचे आकडे तिथे ठेवणं म्हणजे ते गेटबाहेरच्या फलकावर लावण्यासारखं. दुसऱ्या नोटेत हे मी सगळ्यात वर लिहिलं.

मग बाकीचे मोफत पर्याय. लुकर स्टुडिओ चांगला आहे आणि माहिती गुगल शीट्समध्ये असेल तर मी तोच सुचवला असता. आमचा डेटाबेस मात्र कारखान्याच्या आत आहे. तिथपर्यंत पोचायला तो इंटरनेटच्या बाजूने उघडावा लागला असता आणि आयटीने त्याला नकार दिला. मेटाबेसची ओपन सोर्स आवृत्ती आपल्याच सर्व्हरवर चालते, त्यामुळे हा प्रश्न येत नाही. पण पाठवणीची एक्सेल फाइल ती थेट वाचत नाही, आधी डेटाबेसात भरावी लागते. शिवाय सर्व्हर, बॅकअप आणि अपडेट सांभाळायला माणूस हवा. आमच्याकडे तसा माणूस नाही, हे नोटेत स्पष्ट लिहिलं. असा माणूस असलेल्या विभागाने मेटाबेसच घ्यावं, असं मला आजही वाटतं.

नंतर हिशेब मांडला. बारा दिवस घड्याळ लावून बघितलं तर सकाळच्या तक्त्याला सरासरी एक तास जात होता. डॅशबोर्ड आल्यावर हा वेळ शून्य होईल असं लिहिण्याचा मोह होतो, पण ते खोटं ठरतं. डेटा गेटवे ज्या संगणकावर बसवलाय तो कोणी रात्री बंद केला, तर सकाळी डॅशबोर्ड नेहमीसारखाच दिसतो, फक्त आकडे कालचे असतात. शेवटच्या रिफ्रेशची वेळ वाचल्याशिवाय बघणाऱ्याला ते कळत नाही. म्हणून रोजच्या तपासणीची दहा मिनिटं धरली. उरली पन्नास. वर्षाचे 300 दिवस धरून 250 तास, तासाला 250 रुपये लावले तर 62,500 रुपये वाचणार.

आता खर्च. प्रोचा जाहीर दर माणशी महिना 14 डॉलर. सहा जणांचे वर्षाला 1,008 डॉलर होतात आणि डॉलरला 85 रुपये धरले तर 85,680 रुपये. जीएसटी वेगळा. म्हणजे माझी पहिली मागणी वाचलेल्या वेळेत बसतच नव्हती.

मग साठ दिवसांची मोफत ट्रायल सहाही जणांना सुरू करून दिली आणि महिन्याने वापराचा अहवाल काढला. कोणी किती वेळा उघडलं, ते त्यात नावानिशी दिसतं. उत्पादन प्रमुख रोज उघडत होते, साहेब आठवड्यातून तीनदा. खरेदी विभागाने महिनाभरात दोनदा पाहिलं होतं, गुणवत्ता विभागाने एकदाच. एकच खातं सगळ्यांनी वापरावं, असंही कोणी सुचवलं. लायसन्स माणसागणिक असतं, त्यामुळे ते नियमात बसत नाही आणि कोणी काय पाहिलं तेही मग कळत नाही.

खरेदी आणि गुणवत्तावाल्यांशी बोललो. त्यांना रोजचे आकडे नकोच होते, महिनाअखेरची पीडीएफ पुरत होती. ती मी डॅशबोर्डमधून काढून पाठवणार. मागणी चार लायसन्सांवर आली, 57,120 रुपये. जीएसटी सोडून पाहिलं तर वाचलेल्या वेळेत ती बसत होती, थोडक्याने का होईना.

दुसरी नोट दीड पानाची झाली. वापराचा अहवाल आणि वेळेची नोंदवही सोबत जोडली, आलेख एकही नाही. या वेळचा शेरा असा: 'चार मंजूर. सहा महिन्यांनी हाच अहवाल पुन्हा दाखवा.' तारीख मी कॅलेंडरवर लगेच टाकून ठेवली.