केसांतले पट्टे आणि फिका पडलेला चेहरा

नवरीचं पोर्ट्रेट आहे. मागून दिवा, चापून बसवलेले काळेभोर केस, अंबाड्यावर गजरा. फोटोशॉपमध्ये चेहरा छान गव्हाळ दिसत होता. फोनवर टाकला तर तो फिका पडला, आणि कानामागे जिथे काळा रंग हळूहळू तपकिरी होत जायला हवा तिथे पायऱ्या उमटल्या. दोन्ही दोष एकदमच दिसतात, म्हणून सगळं खापर इन्स्टाग्रामच्या अपलोडवर फुटतं. खरं तर ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि बहुतेक वेळा ती फाइल अपलोड होण्याआधीच तिच्यात शिरलेली असतात.

आधी रंगाचं बघू. ‘अ‍ॅडोबी आरजीबीमध्ये रंग जास्त, म्हणून फाइल त्यातच द्यावी’ हा जुना गैरसमज आहे. फाइलमध्ये रंग नसतात, आकडे असतात, आणि त्या आकड्यांचा अर्थ प्रोफाइल सांगतं. गालावरचा एक बिंदू अ‍ॅडोबी आरजीबीत २००, १५०, १२० असेल, तर तोच रंग एसआरजीबीत साधारण २१७, १५१, ११९ असा लिहावा लागतो. फरक जवळपास सगळा लाल रंगात आहे. प्रोफाइल गळून पडलं की फोन २०० हा आकडा एसआरजीबीचाच समजतो, आणि गालावरची लाली तेवढी कमी होते.

इलाज Edit मेनूतल्या Convert to Profile मध्ये आहे. तिथे sRGB IEC61966-2.1 निवडायचं. शेजारीच असलेला Assign Profile हा पर्याय मात्र टाळायचा. तो आकडे तसेच ठेवून फक्त लेबल बदलतो, म्हणजे नको असलेला बदल आपल्याच हाताने करून ठेवतो. एक्स्पोर्ट करताना Embed Color Profile वर खूण ठेवायची.

आता केसांकडे येऊ. ‘क्वालिटी १०० ठेवली की पट्टे जातात’ असं मी अनेकांकडून ऐकलंय. जेपेगमध्ये प्रत्येक रंगवाहिनीला २५६ पायऱ्या मिळतात. कानामागची सावली १२ पासून ४० पर्यंत जात असेल, तर तिच्या वाट्याला त्यांतल्या जेमतेम २८ येतात. ती सावली ५६० पिक्सेल रुंद पसरली असेल, तर प्रत्येक पायरी २० पिक्सेल रुंद होते, आणि डोळ्याला ती दिसते. क्वालिटी कितीही वाढवली तरी पायऱ्यांची संख्या वाढत नाही.

मग कॅमेऱ्यातून आलेल्या मूळ फोटोत हे पट्टे का नव्हते? कारण त्यात सेन्सरचा बारीक दाणा होता, आणि पायऱ्यांच्या कडा तो विस्कटून टाकत होता. त्वचेबरोबर केसांच्या सावल्याही आपण ब्लर करून गुळगुळीत करतो तेव्हा तो दाणा पुसला जातो. दोष बहुधा इथे जन्मतो. म्हणून दाणा परत द्यायचा: काम शेवटपर्यंत १६ बिटमध्ये ठेवायचं, फोटो १०८० बाय १३५० पिक्सेलला छोटा करायचा, त्याची एक सपाट प्रत काढायची आणि फक्त केसांच्या सावलीवर Add Noise मधून सुमारे १ टक्का, Gaussian आणि Monochromatic असा दाणा टाकायचा. त्यानंतर प्रोफाइल बदलायचं आणि मग ८ बिट. हा क्रम महत्त्वाचा आहे. दाणा आधी टाकून फोटो नंतर छोटा केला, तर शेजारचे पिक्सेल एकमेकांत मिसळून तो पुन्हा विरतो. आणि ८ बिटमध्ये पट्टे पडल्यावर फाइल १६ बिट केली, तर हरवलेल्या छटा परत येत नाहीत.

पट्टा कुठून आला हे आयड्रॉपरने कळतं, पण आधी झूम १०० टक्के करायचं. लेयर असलेली फाइल खूप लहान करून पाहिली, तर फोटोशॉप स्वतःच खोटे पट्टे दाखवू शकतं. शेजारच्या दोन पट्ट्यांत आकडा एकानेच बदलत असेल तर दाणा कमी पडलाय. चार-पाचने उडी मारत असेल तर कर्व्ह्‌ज जास्त ओढल्या गेल्यात, तेव्हा तो लेयरच सैल करायला हवा. आठ-आठ पिक्सेलचे चौकोन दिसले तर दोष जेपेगच्या दाबणीचा आहे. क्वालिटी वाढवून फायदा होतो तो याच एका प्रकारात.

‘३०० डीपीआय ठेवा’ हा सल्ला छपाईसाठी आहे. पडद्यावर फक्त पिक्सेल मोजले जातात.

पीएनजी दिल्याने सुटका होईल असंही वाटतं, पण इन्स्टाग्राम फोटो स्वतः पुन्हा दाबतं. ती दाबणी आपल्याला टाळता येत नाही, तिच्या आधीची टाळता येते. तयार फाइल नवरीला व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवली, तर ती वाटेतच एकदा दाबली जाते आणि अपलोडच्या वेळी दुसऱ्यांदा. आपण टाकलेला १ टक्क्याचा नाजूक दाणा पहिल्याच फेरीत पुसला जाऊ शकतो. तीच फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवली, तर जशी निघाली तशीच तिच्या फोनवर पोहोचते.