पट्टे दिसले म्हणून डेंग्यूचा डास? थांबा, आधी पाठ बघा!

ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी हा एपिसोड लिखित स्वरूपात.

सफाळ्याहून एका श्रोत्याने डासांचे दोन फोटो पाठवले. एक पाण्याच्या पिंपाजवळचा, दुसरा घरामागच्या शौचालयाच्या भिंतीवरचा. दोन्ही डास काळे, दोघांवर पांढरं काहीतरी. प्रश्न एकच: "दोन्ही डेंग्यूचेच ना?"

पहिला फोटो झूम करूया. पायांवर पांढरी कडी आहेत. आता डोक्यामागची पाठ बघा. तिथे दोन बाजूंना कंसासारख्या वाकड्या पांढऱ्या रेघा आणि मध्ये दोन बारीक उभ्या रेघा, साधारण अशा: `(||)`. हा एडिस इजिप्ती, म्हणजे डेंग्यूचा मुख्य वाहक. पाठीवर मधोमध एकच ठळक पांढरी रेघ असती, तर तो एडिस अल्बोपिक्टस. हा वाडीत, झाडांच्या आसपास जास्त असतो आणि डेंग्यू तोही पसरवतो.

आता दुसरा फोटो. डास आकाराने मोठा आहे, पण पायांवर कडी नाहीत आणि पाठीवर रेघाही नाहीत. पांढरे ठिपके आहेत ते पोटाच्या कडेला. बाजूने पाहिलं तर सोंड खाली वाकलेली दिसते. हा आर्मिजेरिस. चावतो जोरात, पण डेंग्यूचा वाहक नाही.

आणि घरात रात्री कानाशी गुणगुणतो तो बहुधा क्युलेक्स. रंग तपकिरी, पायांवर ठळक कडी नाहीत, पोटाचं टोक बोथट. एडिसचं टोक निमुळतं असतं. क्युलेक्स डेंग्यू पसरवत नाही, पण हत्तीरोग पसरवू शकतो.

एवढं ओळखून करायचं काय? तर पाणी शोधायचं. आर्मिजेरिस आणि क्युलेक्स घाण पाण्यात वाढतात. त्यामुळे दुसऱ्या फोटोवरचा उपाय म्हणजे सेप्टिक टँकच्या भेगा बुजवणं आणि व्हेंट पाइपला जाळी बांधणं. पहिल्यासाठी पिंप, कुंडीखालची ताटली, टायर, करवंट्या तपासा. एडिसची अंडी पाण्याच्या रेषेलगत भिंतीला चिकटतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. म्हणून पिंप नुसतं ओतून चालत नाही, आठवड्यातून एकदा आतून घासायला हवं.

फोटो काढताना डास बसलेला असताना एक वरून आणि एक बाजूने घ्या. फ्लॅश थेट मारला तर चकाकीमुळे काळा भागही पांढरा दिसू शकतो. म्हाताऱ्या किंवा चापट खाल्लेल्या डासाचे खवले झडतात, मग पाठीवरची खूण दिसतच नाही. अशा वेळी पायांवरची कडी आणि पोटाचं टोक बघा. तेही स्पष्ट नसेल, तर अंदाज न बांधता दुसरा फोटो मिळवा.

शेवटचं: डासाच्या अंगात विषाणू आहे की नाही, ते कुठल्याच फोटोत दिसत नाही. ताप आला असेल तर गॅलरी बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा.